60 किलोचं गणित शून्य चरबीतही बसत नाही

पत्र

धाकटा भाऊ 17 वर्षांचा आहे, फ्रीस्टाइल कुस्ती खेळतो. सकाळी उपाशीपोटी वजन 68.4 किलो. वस्ताद म्हणतात, 60 किलोच्या गटात उतर, तिथे तू सगळ्यांना भारी पडशील. तो स्वतः 65 म्हणतो. मी फिजिओथेरपी शिकते, म्हणून कातडीखालच्या चरबीची जाडी मोजणारं कॅलिपर कॉलेजातून आणून चिमट्या घेतल्या: दंडामागे 9, पाठीवर 10, पोटावर 14 मिलिमीटर. घरातल्या चरबी दाखवणाऱ्या काट्यावर मात्र 7.8 टक्के येतं. मग उतरवायला उरलंच काय? स्पर्धेला नऊ आठवडे आहेत. त्याने कमीत कमी किती वजनावर खेळावं, आणि तो आकडा काढायचा कसा?

— एक बहीण

उत्तर

तुमची मापं बरोबर आहेत असं धरलं, तर किमान वजन 64.7 किलो येतं. म्हणजे 65 चा गट जेमतेम शक्य आहे आणि 60 चा नाही. पण 64.7 आणि 65 यांच्यात फक्त 300 ग्रॅमचं अंतर आहे आणि तेवढी चूक चिमटीतल्या एका-दोन मिलिमीटरने होते. म्हणून आधी आकडा कसा आला ते दाखवतो आणि मग तो कुठे कुठे फसवू शकतो ते सांगतो. तुमच्या बाबतीत दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

तुम्ही ज्या तीन जागा घेतल्या आहेत, त्यांच्यासाठी पैलवानांमध्ये लोहमनचं समीकरण वापरतात. ते आधी शरीराची घनता देतं. त्या घनतेवरून ब्रोझेकच्या सूत्राने चरबीचा टक्का निघतो.

```
बेरीज   = 9 + 10 + 14 = 33
घनता    = 1.0982 − (0.000815 × 33) + (0.00000084 × 33 × 33)
        = 1.0982 − 0.026895 + 0.000915
        = 1.07222
टक्का    = (4.57 ÷ 1.07222 − 4.142) × 100 = 12.0
```

68.4 किलोचे 12 टक्के म्हणजे चरबी 8.2 किलो. बाकीचे 60.2 किलो म्हणजे स्नायू, हाडं, रक्त, पाणी, अवयव, सगळं मिळून. याला चरबीविरहित वजन म्हणू. आता हे 60.2 किलो तसंच ठेवून चरबी एवढीच कमी करायची, की शेवटी एकूण वजनात ती 7 टक्के उरेल. म्हणजे चरबीविरहित भाग 93 टक्के होईल. म्हणून 60.18 ला 0.93 ने भागायचं. उत्तर 64.7.

इथे भागाकारच करायचा, वजाबाकी नाही. पुष्कळ जण 12 मधून 7 वजा करतात, आजच्या वजनाचे 5 टक्के काढतात आणि तेवढे किलो कमी करा म्हणतात. त्या हिशोबाने तुमच्याकडे 64.97 येतं. फरक पाव किलोचा, पण तुम्ही जिथे उभ्या आहात तिथे पाव किलोलाही किंमत आहे. 7 टक्के हे शेवटच्या वजनाचे असतात, आजच्या वजनाचे नव्हेत.

कॅल्क्युलेटरवर आणखी दोन ठिकाणी हात चुकतो. घनता दोन दशांशांवर आणून 1.07 घेतली, तर टक्का 12.9 होतो आणि किमान वजन 64.1 वर येतं. नुसत्या पूर्णांकनाने सहाशे ग्रॅमची सूट मिळाली! घनता पाच दशांशांपर्यंत ठेवा. दुसरं, 0.00000084 मध्ये दशांशचिन्हानंतर सहा शून्यं आहेत. एक गळलं की टक्का 8.8 वर उतरतो आणि किमान वजन 67.1 वर चढतं. हे समीकरण एकाकडून दुसऱ्याकडे उतरवताना शून्य गळणं फार सहज होतं, म्हणून एकदा हाताने मोजून बघा.

आता वस्तादांचे 60. त्यांच्याशी बोलताना टक्केवारीच्या वादात शिरू नका. त्यांना एकच आकडा दाखवा: चरबी सोडून शरीराचं वजनच 60.2 आहे. अंगावरची चरबी शून्यावर आणली, जे जिवंत माणसात होत नाही, तरी काटा 60 वर येणार नाही. तिथपर्यंत जायचं तर पाणी किंवा स्नायू यांतलंच काहीतरी जाणार. गटात भारी पडायचं असेल, तर ज्या स्नायूंच्या जोरावर पडायचं तेच आधी खर्च होतील.

7 हा आकडा कुठून आला, तर अमेरिकेतल्या शालेय कुस्तीच्या नियमांतून. तिथे मुलांसाठी किमान 7 टक्के आणि मुलींसाठी 12 टक्के धरतात. कॉलेजच्या पुरुष मल्लांसाठी 5. कॉलेजच्या कुस्तीत हा हिशोब सक्तीचा झाला, त्याला कारण 1997 चं वर्षअखेर. नोव्हेंबर-डिसेंबरात कॉलेजचे तीन मल्ल वजन तोडताना गेले. रबरी सूट, तापवलेली खोली आणि न थांबता व्यायाम, तहान लागली तरी पाणी नाही. त्यानंतर हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचं किमान वजन ठरवून ठेवायची पद्धत आली. जागतिक संघटनेच्या स्पर्धांत असा नियम नाही, तिथे फक्त काटा बघतात. त्यामुळे भावावर कोणी सक्ती करणार नाही, हे गणित घरातच पाळावं लागेल.

कोणीतरी म्हणेल, तो आता मोठा झाला, 5 धरा. 5 धरले तर 60.18 ला 0.95 ने भागून 63.3 येतं. गट तोच, 65. म्हणजे तुमच्या प्रश्नात 5 की 7 यावर भांडण्यासारखं काही नाही. पण 17 वर्षांच्या, अजून वाढत्या अंगाच्या मुलाला 7 च धरावेत, असं आमचं ठाम मत आहे. पुरुषाच्या शरीरात साधारण 3 टक्के चरबी अशी असते की ती राखीव साठा नसतेच. अस्थिमज्जेत, मज्जातंतूंच्या वेष्टनात, अवयवांत ती कामाला लागलेली असते. 7 ही सीमा त्यापासून थोडं अंतर राखते, 5 तितकं राखत नाही. खाली घसरायला लागलं की आधी झोप आणि चिडचिड दिसते, मग जखमा भरायला वेळ लागतो, मग ताकद. मुलींच्या बाबतीत हेच पाळी लांबण्या-थांबण्यातून कळतं, म्हणून तिथे सीमा 12 वर आहे, आणि 12 पाळूनही पाळी थांबली तर आकडा बाजूला ठेवून वजन वाढवायचं. मुलींसाठी लोहमनचं समीकरण वापरू नका, त्यांचं वेगळं आहे.

आता फसवणुकीकडे. सगळ्यात मोठी फसवणूक पाण्याची.

समजा मोजणीच्या आदल्या संध्याकाळी भावाने घाम गाळून, पाणी न पिता 2 किलो कमी केले आणि काटा 66.4 वर आला. चिमट्या जवळजवळ तेवढ्याच राहतात, कारण पाणी मुख्यतः स्नायूंतून आणि रक्तातून जातं, कातडीखालच्या चरबीतून फारसं नाही. टक्का तोच 12. चरबीविरहित वजन मात्र 58.4 दिसतं आणि किमान वजन 62.8 निघतं. दोन किलो पाणी रोखून जवळपास तेवढीच सूट कागदावर मिळाली. हा आकडा खोटा आहे, पण कागद बघून कोणाला कळणार नाही.

म्हणूनच नियमांत चिमटीच्या आधी लघवीची तपासणी असते. लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती पाण्यापेक्षा किती घट्ट आहे तो आकडा, कॉलेजच्या नियमात 1.020 पर्यंत आणि शालेय नियमात 1.025 पर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं, तर त्या दिवशी माप घ्यायचंच नाही. तुमच्या कॉलेजात हा आकडा वाचणारा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तोच वापरा. रंग बदलणाऱ्या पट्ट्या यासाठी पुरेशा अचूक नसतात. आधी काचेवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकून 1.000 वाचलं जातंय का ते बघा, मग नमुना. सकाळची पहिली लघवी घट्ट असते, म्हणून दुसऱ्या खेपेची घ्या. उलट बाजूची पळवाटही माहीत असू द्या: दोन दिवस कोरडा राहिलेला मुलगा तपासणीच्या तासभर आधी लिटरभर पाणी ढोसतो. लघवी लगेच पातळ होते, पण शरीरातली तूट भरलेली नसते. तपासणी पास होते आणि काट्यावरचं वजन मात्र अजून कमीच असतं. यावर उपाय साधा आहे. मोजणीच्या आधी सलग तीन दिवस त्याचं सकाळचं वजन लिहा. ते 68 च्या आसपास स्थिर असेल आणि मोजणीच्या दिवशी अचानक 66 झालं, तर त्या दिवशी कॅलिपर काढू नका.

तुमच्या मोजणीच्या वेळी लघवी तपासली होती का, हे पत्रात नाही. तपासली नसेल, तर 64.7 हा आकडा अजून पेन्सिलने लिहिलेला समजा.

दुसरी फसवणूक हाताची. तुमच्या बेरजेतला एक मिलिमीटर म्हणजे साधारण 0.3 टक्के चरबी, आणि 0.3 टक्के म्हणजे किमान वजनात सुमारे 220 ग्रॅम. बेरीज 33 ऐवजी 29 आली असती, तर टक्का 10.8 झाला असता आणि किमान वजन 65.6. तसं झालं तर 65 चा गटही गेला. तीन चिमट्यांत मिळून चार मिलिमीटर इकडचे तिकडे व्हायला फार काही लागत नाही.

म्हणून पुन्हा माप घ्या, आणि असं घ्या. सराव झाल्यावर नको, कारण व्यायामाने कातडीखाली रक्त आणि पाणी साचून चिमटी जाड येते, शिवाय घामाने बोटं घसरतात. सकाळी, तेल-लोशन न लावलेल्या कोरड्या अंगावर. तिन्ही मापं उजव्या बाजूची. दंडामागचं माप खांद्याच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतच्या बरोबर मध्यावर घ्यायचं. टेपने मध्य काढून पेनाने खूण करा, नजरेने नको. हात सैल लोंबता हवा आणि घडी उभी. पाठीवरचं माप खवाट्याच्या खालच्या टोकाच्या एक-दोन सेंटिमीटर खाली, तिरकी घडी. पोटावरचं माप बेंबीच्या उजवीकडे दोन-तीन सेंटिमीटरवर. बेंबीच्या कडेचा जाड भाग चिमटीत येऊ देऊ नका. ही पोटावरची घडी काही जण उभी धरतात, काही आडवी. हंगामात एकच पद्धत ठेवा आणि वहीत तसं लिहून ठेवा.

चिमटी अंगठा आणि तर्जनीने धरा, खालचा स्नायू चिमटीत आलेला नाही याची खात्री करा. शंका आली तर त्याला स्नायू आवळायला सांगा. आवळताना घडी बोटांतून खेचली गेली, तर तुम्ही स्नायूही धरला आहे. कॅलिपरचे जबडे बोटांच्या एक सेंटिमीटर खाली लावा, बोटं तशीच धरून ठेवा, कॅलिपरची मूठ पूर्ण सोडा आणि एक-दोन सेकंदांत आकडा वाचा. इथेच नवशिक्यांचं चुकतं. पाच-सहा सेकंद बघत बसलं की चरबी दबत जाते आणि काटा हळूहळू खाली सरकतो. 14 चे 12 होताना डोळ्यांसमोर दिसतात. एका जागेची तीन मापं लागोपाठ न घेता दंड, पाठ, पोट असं फिरून पुन्हा दंडावर या, म्हणजे दबलेली जागा पूर्ववत होते. तीन फेऱ्यांतला मधला आकडा घ्या. दोन वाचनांत एका मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर चौथी फेरी करा.

मग हेच सगळं दुसऱ्या कोणाकडून, तुमचे आकडे न दाखवता, करून घ्या. शिक्षक किंवा वरच्या वर्गातलं कोणी चालेल. बहिणीच्या हाताला भावाचं 65 हवंहवंसं वाटत असतं. कोणी मुद्दाम करत नाही, पण चिमटी थोडी सैल आणि आकडा थोडा मोठा, असं होतं. हे सगळं नीट करूनही चिमटीच्या पद्धतीत सुमारे 3 टक्क्यांपर्यंतची चूक शिल्लक राहते. तुमच्या भावाच्या वजनावर ती सव्वादोन किलोची होते. म्हणून 64.7 चा अर्थ ‘64.7 पर्यंत उतरायला परवानगी’ असा घेऊ नका. ‘याच्या खालचा विचारच नको आणि इथेही सावध’, असा घ्या. पाण्याखालचं वजन किंवा हवेच्या कक्षातलं मापन करायची सोय जवळ असेल, तर तुमच्यासारख्या काठावरच्या प्रकरणात ते करून घेण्यासारखं आहे.

घरातला काटा यातला निवाडा करू शकत नाही. तो तळपायातून बारीक वीज सोडतो, तिला किती अडथळा होतो ते बघतो आणि आत भरलेल्या एका ठोकळ सूत्राने चरबी सांगतो. अडथळा पाण्यावर ठरतो, त्यामुळे जेवण, घाम, सराव, अगदी ओले पायही त्याला हलवतात. शिवाय वीज एका पायातून दुसऱ्या पायात जाते, धडाचं तो बहुतेक अनुमानच करतो. त्याचे 7.8 टक्के खरे मानले, तर किमान वजन 67.8 येतं आणि भावाला 65 सुद्धा बंद होतो. उद्या तोच काटा 11 दाखवेल, तेव्हा घरात कोणी त्याच्यावर विश्वास ठेवायचा? वजनासाठी वापरा, चरबीचा आकडा झाकून ठेवा.

आता एक सापळा असा आहे, की त्यात चांगल्या हेतूने काम करणारेही अडकतात. महिनाभराने भाऊ 65 वर आला, की कोणीतरी म्हणेल, पुन्हा मोजू या, बघू अजून किती जागा आहे. समजा घाईत उतरताना 3.4 किलोंपैकी 0.8 किलो स्नायू आणि इतर चरबीविरहित भाग गेला आणि चरबी 2.6 किलोच गेली. तेव्हा चरबी साधारण 8.6 टक्के दिसेल आणि चरबीविरहित वजन 59.4. भागाकार केला की नवीन किमान वजन 63.9! स्नायू गमावल्याबद्दल गणिताने आणखी खाली जायची मुभा दिली. असंच पुढे पुढे मोजत गेलं, तर सूत्र प्रत्येक वेळी खालचा आकडा मान्य करत राहील. म्हणून किमान वजन वजन उतरवायच्या आधी, भरल्या अंगाने, एकदाच ठरतं आणि तो हंगाम तेच राहतं. मधे मोजायला हरकत नाही, पण ते चरबी जातेय की स्नायू हे बघायला. चरबीविरहित वजन 60.2 वरून 59.5 च्या खाली जाताना दिसलं, तर उतरण थांबवा. पुढच्या हंगामात मात्र नव्याने मोजाच. 17 व्या वर्षी वर्षभरात दोन-तीन किलो स्नायू सहज चढतात, आणि तेवढ्याने किमान वजन 67-68 वर जातं.

उरला वेळेचा प्रश्न. नियमांत उतरायचा वेग आठवड्याला शरीराच्या वजनाच्या 1.5 टक्क्यांपर्यंतच मान्य आहे. त्या वेगाने 68.4 वरून पहिल्या आठवड्यात 67.4, मग 66.4, मग 65.4 आणि चौथ्या आठवड्यात 65 च्या आत. पण ही वरची मर्यादा आहे, योजना नव्हे. एक किलो चरबीत साधारण 7,700 किलोकॅलरी असतात. 3.4 किलो चार आठवड्यांत काढायचे, तर रोज 900 च्या वर किलोकॅलरी कमी पडतात, आणि वाढत्या वयात रोजचा सराव चालू असताना एवढी तूट स्नायूंतूनच भरली जाते. तुमच्याकडे नऊ आठवडे आहेत. आठ आठवड्यांवर पसरलं, तर रोजची तूट 470 च्या आसपास येते, म्हणजे आठवड्याला चारशे-सव्वाचारशे ग्रॅम. नववा आठवडा 65 वर स्थिर राहायला ठेवा. पाणी कमी करून उतरण्याचा भाग या योजनेत शून्य आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीने वजन स्पर्धेच्या सकाळीच होतं आणि अंतिम फेरीची किंवा रेपेचाजची, म्हणजे अंतिम फेरी गाठणाऱ्यांकडून हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीची, कुस्ती दुसऱ्या दिवशी असेल, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा होतं. वजनानंतर भरपूर पिऊन-खाऊन भरून काढू, हा जुना हिशोब तिथे चालत नाही. रात्री भरून काढलेलं पहाटे पुन्हा काट्यावर उभं राहतं.

रोज सकाळचं वजन लिहा, पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवर घ्या. दोन आठवडे सरासरी दरवेळी एक किलोपेक्षा जास्त पडत असेल, तर ती पाण्याची किंवा स्नायूंची घसरण आहे, जेवण वाढवा. सलग दोन आठवडे सरासरी हललीच नाही, तर खाण्याची नोंद पुन्हा तपासा, पाणी तोडू नका.

आणि दोन्ही हातांनी, लघवीची तपासणी पास झाल्यावर, घेतलेल्या मापांतून किमान वजन 65.0 च्या वर आलं, तर सतरा वर्षांपर्यंतच्या फ्रीस्टाइलमध्ये पुढचा गट 71 चा आहे. 68.4 ला 71 मध्ये खेळणं म्हणजे समोरच्यापेक्षा अडीच किलोने हलकं असणं, इतकंच. नऊ आठवडे पोटभर खाऊन, पूर्ण ताकदीने सराव केलेला मुलगा त्यातला किलो-दीड किलो तसाही भरून काढतो. वस्तादांशी बोलायला जाताना हा पर्यायही वहीत लिहून न्या. पानावर एका रकान्यात चरबीविरहित वजन 60.2, दुसऱ्यात 65 ची आठ आठवड्यांची उतरण, तिसऱ्यात 71 चा सराव. 60 चा रकाना आखायची गरज नाही.